आधी स्थिर झडप, मग कुलूप

ज्या घरांच्या मुख्य दाराला दोन झडपा असतात, त्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते : कुलूप नीट लागत नाही. किल्ली फिरवताना दुसऱ्या हाताने दार ओढून धरावं लागतं, वारा सुटला की दोन्ही झडपा खडखडतात आणि मधल्या फटीतून जिन्यातला दिवा दिसतो. मग कुलूपवाला येतो. तो कुलपाची जीभ घासतो किंवा समोरच्या पट्टीचं भोक कानशीने मोठं करतो. चार महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. अशा दारांत दोष बहुतेक वेळा कुलपात नसतोच. तो असतो दुसऱ्या झडपेत, जी आपण रोज उघडत नाही आणि म्हणून जिच्याकडे कोणी पाहतही नाही.

एका झडपेच्या दारात कुलपाची जीभ चौकटीत शिरते. चौकट भिंतीत पक्की बसवलेली असते, ती हलण्याचा प्रश्न नसतो. दोन झडपांच्या दारात मात्र ही जीभ शिरते दुसऱ्या झडपेच्या कडेत, आणि ती झडप स्वतःच बिजागऱ्यांवर लटकलेली असते. चौकटीचं काम तिला करायचं असतं, पण ती चौकटीइतकी घट्ट नसते. रोजच्या वापरातल्या झडपेला इथे चालती झडप म्हणू आणि एरवी बंद राहणाऱ्या झडपेला स्थिर झडप. स्थिर झडप खरोखर स्थिर करणं, हेच जोड दाराचं निम्म्याहून अधिक काम आहे.

जुन्या वाड्यांत ही अडचण नव्हती, कारण तिथली बंद करण्याची रीतच वेगळी होती. रात्री दोन्ही झडपांच्या मागून जाडजूड अडसर आडवा जाई आणि त्याची टोकं दोन बाजूंच्या भिंतींतल्या खोबणींत बसत. दिवसा बाहेर जाताना झडपेची साखळी वरच्या चौकटीतल्या कोयंड्यात अडकवली की झालं. जोर कायम भिंतीवर किंवा चौकटीवर यायचा. मोठ्या दरवाजांच्या झडपा तर एरवी बंदच ठेवत आणि रोजची ये-जा एका झडपेतल्या लहान दिंडीतून होई. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात ती आजही पाहायला मिळते. पुढे झडपेच्या जाडीत बसणारी मॉर्टाइज कुलपं आली. अडसर गेला, साखळी गेली आणि सगळा भार दोन झडपांच्या मधल्या रेघेवर आला.

टॉवर बोल्ट आणि फ्लश बोल्ट

स्थिर झडप धरून ठेवायला आपल्याकडे सर्रास टॉवर बोल्ट लावतात. आतल्या अंगाला, वर एक आणि खाली एक. हे चालतं, पण टॉवर बोल्ट दाराच्या पृष्ठभागावर आखूड स्क्रूंनी धरलेला असतो आणि बाहेरून बसलेला प्रत्येक धक्का त्या स्क्रूंना उपटायला बघतो. शिवाय त्याचा दांडा कड्यांमध्ये थोडा सैल असतो, त्यामुळे बोल्ट लावूनही झडप हलते. दाराला काच किंवा जाळी असेल तर ती फोडून हात आत घातला की बोल्ट सरकवताही येतो.

फ्लश बोल्ट झडपेच्या पृष्ठभागावर नसतो, तो तिच्या जाडीत बसतो. हार्डवेअरच्या दुकानात त्याला कन्सील्ड बोल्टही म्हणतात. स्थिर झडपेची जी कड चालत्या झडपेला भेटते, त्या कडेत एक लांबट, अरुंद पट्टी खाच करून बसवलेली असते. तिच्यात बोटाने ओढायचा लहानसा खटका असतो. खटका फिरवला की आतला दांडा वर सरकून चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीत शिरतो. तसाच दुसरा बोल्ट खाली, त्याचा दांडा जमिनीत किंवा उंबरठ्यात जातो. पृष्ठभागावर काही येत नाही, पडदा अडकत नाही आणि दोन्ही झडपा सपाट दिसतात.

याची खरी गंमत मात्र खटक्याच्या जागेत आहे. चालती झडप बंद झाली की खटका दोन कडांच्या मध्ये गाडला जातो. आता आतून काय किंवा बाहेरून काय, चालती झडप उघडल्याशिवाय त्याला कोणाचा हात लागू शकत नाही. म्हणजे चालत्या झडपेचं कुलूप स्थिर झडपेच्या बोल्टांना राखतं आणि बोल्ट कुलपाला जागा देतात. दोघांपैकी एक जरी कच्चा असला तरी दुसऱ्याचा उपयोग उरत नाही.

फ्लश बोल्ट निवडताना दोन मापं पाहायची. पहिलं झडपेच्या जाडीचं. झडप 35 मिलिमीटर जाड आणि बोल्टची पट्टी 19 मिलिमीटर रुंद असेल, तर खाचेच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी जेमतेम 8 मिलिमीटर लाकूड उरतं. नीट सागवानात हे निभतं. पण फ्लश डोअरच्या आत कडेला भरीव लाकडाची पुरेशी रुंद पट्टी नसेल, तर त्या भागाला पहिल्याच जोरदार धक्क्यात चीर जाते. म्हणून झडपा बनवायला टाकतानाच मधल्या कडांना भरीव लाकूड हवं हे सांगून ठेवावं. झडपा 40 ते 45 मिलिमीटर जाडीच्या करून घेणं त्याहून बरं.

दुसरं माप लांबीचं. सात फुटी दाराला वर 150 मिलिमीटरचा आखूड बोल्ट लावला तर खटका साडेसहा फुटांवर येतो. घरातल्या निम्म्या माणसांचा हात तिथे पोचत नाही. मग वरचा बोल्ट कोणी लावतच नाही, झडप एकट्या खालच्या बोल्टावर उभी राहते आणि तिचा वरचा कोपरा मोकळा डुलत राहतो. अशा घरांसाठी 450 किंवा 600 मिलिमीटर दांड्याचा बोल्ट घ्यावा. खटका आपोआप डोक्याच्या खाली येतो. गुडघे दुखणारी माणसं घरात असतील तर खालचाही लांबच घ्यावा.

दहा मिलिमीटरचा हिशेब

आता एक ठरावीक दार घेऊ. चौकटीच्या आतली मोकळी रुंदी 1210 मिलिमीटर, उंची सात फूट आणि 600 मिलिमीटर रुंदीच्या दोन झडपा. 1210 मधून 1200 गेले की उरतात 10 मिलिमीटर. दोन्ही बिजागऱ्यांकडे 3-3 आणि दोन झडपांच्या मध्ये 4. या दहा मिलिमीटरांत सगळा खेळ आहे. इथे चूक झाली की ती पुढे कुलपापर्यंत जाते.

काम स्थिर झडपेपासून सुरू करायचं. अनेक सुतार दोन्ही झडपा एकदम टांगतात आणि मग मधली फट रंध्याने जमवत बसतात. त्यात दोन्ही कडा थोड्या थोड्या तिरक्या होतात. त्यापेक्षा आधी ओळंब्याने चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू तपासाव्यात, एकटी स्थिर झडप टांगावी आणि तिच्या खाली-वर 3 मिलिमीटर जाडीचे हार्डबोर्डचे तुकडे घालून ती हवी तिथे उभी करावी. तिची मोकळी कड ओळंब्यात आली की बोल्टांची वेळ.

आखूड बोल्टाची खाच कडेच्या टोकापर्यंत जाते, ती पटाशीने काढता येते. लांब दांड्याच्या बोल्टासाठी मात्र झडपेच्या वरच्या टोकातून खाली खाचेपर्यंत उभं भोक पाडावं लागतं. हे काम घाईचं नाही. बिट दोन-तीन अंश जरी कलला तरी 450 मिलिमीटरच्या प्रवासात तो झडपेच्या पृष्ठभागातून बाहेर येतो आणि महागड्या दाराला छिद्र पडतं. हात बसलेला नसेल तर कडेत उभी पन्हळ काढावी, दांडा तिच्यात ठेवावा आणि वरून त्याच लाकडाची पट्टी गोंद लावून बसवावी. रंध्याचा एक हात फिरला की सांधा दिसत नाही.

बोल्ट बसले की दांडा नेमका कुठे शिरणार ते ठरवायचं. टेप लावून माप घेऊ नये. दांड्याच्या टोकाला खडू चोळावा, झडप बंद करून चौकटीच्या खाचेला टेकवावी आणि खटका फिरवावा. दांडा वर टेकतो तिथे पांढरा ठिपका उमटतो. भोक या ठिपक्यावर, पण अर्धा ते एक मिलिमीटर झडप जिथे टेकते त्या बाजूला सरकवून पाडायचं. त्यामुळे दांडा आत जाताना झडपेला चौकटीशी किंचित दाबून धरतो आणि खडखड बंद होते. यापेक्षा जास्त सरकवलं तर खटका इतका जड होतो की घरातली माणसं तो अर्धवट फिरवून सोडून देतात. भोकाचा व्यास दांड्यापेक्षा एखादा मिलिमीटर मोठा, त्याहून जास्त नको. भोकावर धातूची पट्टी हवीच, नाहीतर वर्षभरात लाकूड झिजून भोक लांबट होतं.

दांडा चौकटीत किती जातो हेही पाहावं. बोल्ट 20 मिलिमीटर पुढे येत असेल आणि वरची फट 3 असेल, तर 17 मिलिमीटर पकड मिळते. तीच फट 8 मिलिमीटर असेल तर पकड 12 वर येते आणि झडप थोडी खाली बसली की आणखी घटते. म्हणून वरची फट निष्काळजीपणे मोठी ठेवणं परवडत नाही.

खालचं भोक बहुतेक नव्या घरांत ग्रॅनाइटच्या पट्टीत किंवा टाइलमध्ये पाडावं लागतं. इथे हॅमर ड्रिल थेट चालवलं तर टाइल तडकते. जागेवर चिकटपट्टी लावावी, डायमंड बिट मंद गतीने आणि पाण्याचे थेंब सोडत चालवावा. टाइल पार झाली की मगच खालच्या काँक्रीटसाठी साधा बिट आणि हॅमर. आणखी एक गोष्ट इथेच करून घ्यावी. उघड्या भोकात केर जातो, फरशी पुसताना पाणी जातं आणि सहा महिन्यांत ते निम्मं भरतं. मग दांडा पूर्ण उतरत नाही, पण वरून बोल्ट लागल्यासारखा वाटतो. यावर स्प्रिंगचं झाकण असलेली धूळरोधक वाटी मिळते. दांडा वर असताना झाकण जमिनीला समतल राहतं, दांडा आला की खाली दबतं. तिला 30 ते 40 मिलिमीटर खोली लागते, म्हणून भोक पाडण्याआधीच ती विकत आणलेली बरी.

एवढं झालं की चालती झडप मागे उघडी ठेवून एक परीक्षा घ्यायची. स्थिर झडपेचे दोन्ही बोल्ट लावावेत आणि कुलपाच्या उंचीवर, म्हणजे साधारण एक मीटरवर, तळव्याने जोरात ढकलावं. कुलूप दोन्ही बोल्टांपासून सर्वांत दूर असतं, त्यामुळे झडपेचा कमकुवतपणा इथेच उघडा पडतो. वरचा कोपरा हलला तर वरचं भोक मोठं आहे. खालचा हलला तर दांडा पूर्ण उतरलेला नाही. दोन्ही टोकं घट्ट आणि फक्त मधला भाग वाकत असेल, तर झडपच पातळ आहे. तिथे कितीही चांगलं कुलूप लावलं तरी समोर पकड देणारं काही नाही. ही परीक्षा पार झाल्यावरच चालती झडप टांगावी, तिची कड स्थिर झडपेला जुळवावी आणि सर्वांत शेवटी कुलपाची जागा आखावी.

मधली पट्टी कोणत्या झडपेला?

चार मिलिमीटरच्या फटीतून धूळ, उजेड आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत येऊ शकतं. ती झाकायला एकतर दोन्ही कडांना एकमेकींवर बसणाऱ्या पायऱ्या करतात किंवा वरून उभी पट्टी लावतात. पायऱ्यांची कड देखणी असते. पण 35 मिलिमीटरची झडप पायरी काढल्यावर कडेला साधारण अर्ध्यावर येते आणि तिच्यात ना फ्लश बोल्ट मावतो ना साधं कुलूप. त्यामुळे घरगुती दारांना पट्टीच सोयीची. ती चुकीच्या झडपेला लावलेली मात्र वारंवार दिसते.

नियम सोपा आहे : जी झडप आधी उघडते तिच्या वाटेत पट्टी येता कामा नये. आपली मुख्य दारं बहुधा आत उघडतात. अशा दाराला बाहेरच्या अंगाने पट्टी लावायची असेल तर ती स्थिर झडपेला लावावी; ती चालत्या झडपेवर थोडी आली तरी चालती झडप आत जाताना मोकळी सुटते, आणि बंद होताना तिला टेकायला जागा मिळते. पट्टी आतल्या अंगाला हवी असेल तर ती चालत्या झडपेला लावावी. उलट केलं, तर चालती झडप उघडायच्या आधी स्थिर झडप उघडावी लागेल आणि दारच अडकून बसेल. बाहेरच्या पट्टीचे स्क्रू बाहेरून फिरवता येतील असे ठेवू नयेत. ते आतून घालावेत.

फटीकडे बघून दुखणं ओळखा

दार जुनं असेल आणि तोडफोड करायची नसेल, तर आधी दोन्ही झडपा बंद करून मधली फट वरपासून खालपर्यंत बघावी. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर वरची बिजागरी सैल झालेली आहे. आपल्या उदाहरणातलंच दार घेतलं आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू 3 मिलिमीटर बाहेर आले असं धरलं, तर झडपेचा वरचा कोपरा मधल्या रेघेकडे तीनहून किंचित अधिक मिलिमीटर झुकतो. चार मिलिमीटरची फट तिथे जवळपास संपते. त्याच वेळी झडपेची मोकळी कड मिलिमीटरभर खाली येते, म्हणजे वरच्या बोल्टाची पकड कमी होते आणि खालचा दांडा भोकाच्या काठाला घासू लागतो. कुलूप जड झालं, खालचा बोल्ट अडतो आणि मधली फट वर मिटली, या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचं कारण तेच तीन मिलिमीटर असतात. अशा वेळी रंधा हातात घेऊ नये. बिजागरी सोडावी, जुन्या भोकांत गोंद लावून सागाच्या खुंट्या ठोकाव्यात आणि 50 मिलिमीटरचे स्क्रू घालून तीच बिजागरी परत बसवावी.

फट वरपासून खालपर्यंत सारखीच मिटली असेल, आणि तेही जुलैत, तर ती पावसाची करामत. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून झडपेची उंची तशीच राहते आणि बोल्टांची भोकं जुळलेली राहतात. पण दोन झडपांची वाढ एकत्र होऊन मधल्या फटीत येते. एकेरी दारापेक्षा जोड दार पावसात लवकर अडतं ते यामुळेच. एप्रिल-मे महिन्यात दार बसवताना मधली फट दोन मिलिमीटरवर आणू नये. आणि पावसात अडलेलं दार लगेच रंधून काढू नये, कारण दिवाळीपर्यंत तीच जागा भसकन मोकळी होते. त्याऐवजी कोरड्या दिवसांत झडपा उतरवून त्यांच्या वरच्या आणि खालच्या कडांना पॉलिश किंवा रंग द्यावा. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून कारागीर त्या कोऱ्या सोडतात आणि ओल नेमकी तिथूनच शिरते.

फट सरळ आहे, पण एक झडप दुसरीच्या पुढे आलेली दिसते, असं असेल तर झडपेला पीळ बसला आहे. थोडा पीळ वरच्या किंवा खालच्या भोकाची पट्टी सरकवून झाकता येतो. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर बोल्टाने ती ओढून धरण्याचा हट्ट करू नये, स्क्रू सुटतात. ती झडप बदलणंच स्वस्त पडतं.

कुठे लावू नये

घरासाठी उत्तम असलेली ही रचना गर्दीच्या जागी धोक्याची ठरते. मंगल कार्यालयात किंवा सभागृहात बाहेर पडायच्या जोड दाराला हाताने लावायचे फ्लश बोल्ट असतील, तर पळापळीत अर्धंच दार उघडतं आणि दुसऱ्या झडपेचा खटका अंधारात कोणाला सापडत नाही. अशा ठिकाणी आपोआप चालणारे बोल्ट वापरतात : चालती झडप उघडताच स्थिर झडपेचा दांडा स्वतःहून मागे येतो. दोन्ही झडपांना आपोआप बंद करणारे डोअर क्लोजर असतील, तर स्थिर झडप आधी आणि चालती नंतर मिटावी म्हणून वर क्रम राखणारी यंत्रणाही बसवावी लागते. नाहीतर झडपा उलट्या क्रमाने येऊन एकमेकींवर अडतात.

घरातही एका गोष्टीचा विचार दार बनवण्याआधी करावा. दोन सारख्या झडपांच्या चार फुटी दारात रोज उघडी असते ती फक्त 600 मिलिमीटरची वाट, आणि झडपेची जाडी वजा केली की त्याहूनही कमी. व्हीलचेअर त्यातून जात नाही. प्रत्येक वेळी स्थिर झडप उघडावी लागली तर तिचे बोल्ट लावायचा कंटाळा येतो आणि एक दिवस ती नुसतीच लोटलेली राहते. त्याच चौकटीत 850 आणि 350 मिलिमीटरच्या असमान झडपा केल्या तर रोजचं काम एका झडपेत भागतं आणि लहान झडप फक्त फ्रिज, सोफा किंवा लग्नकार्याच्या वेळी उघडते. जी झडप क्वचित उघडते तिचे बोल्ट बहुधा लावलेले असतात, आणि कुलपाला तेवढंच हवं असतं.